ऑइल टँकरवरची इनर्ट गॅस यंत्रणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागातून जहाजावर जाणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे. त्यातली बरीच मुलं टँकरवर लागतात. त्यांचे, त्यांच्या घरच्यांचे आणि कधीकधी इथल्या साखर कारखान्यांतल्या बॉयलरवाल्यांचे प्रश्न माझ्याकडे सतत येत असतात. टँकरवर चीफ ऑफिसर म्हणून काम केल्याने उत्तरं देणं मला भाग पडतं, म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, भरलेला टँकर जास्त धोकादायक की रिकामा?

रिकामा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. पण तेल स्वतः जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. टाकी काठोकाठ भरलेली असते तेव्हा वर जेमतेम दोन टक्के जागा उरते. तेल काढून घेतलं की तीच टाकी हजारो घनमीटर पोकळी होते. तिच्या भिंतींना आणि तळाला तेल चिकटलेलं असतं, त्याची वाफ निघत राहते. तेल जितकं खाली जातं तितकी हवा वरून आत शिरते. म्हणजे स्फोटाला लागणाऱ्या तीनपैकी दोन गोष्टी, वाफ आणि ऑक्सिजन, आपणच आत गोळा करतो. मग उरते फक्त ठिणगी.

ठिणगी टाळायची काळजी घ्यायचीच, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ती कशी अनपेक्षित जागी पडते ते प्रश्न ७ मध्ये आहे. वाफ तर तेलाबरोबर येणारच. राहिला ऑक्सिजन. इनर्ट गॅस यंत्रणा त्याच्याच मागे लागते: तेल खाली गेलं की रिकाम्या जागेत हवेऐवजी असा वायू सोडायचा, ज्यात ऑक्सिजन जवळपास नाही.

२. मी साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. मुलगा म्हणतो, जहाजावर बॉयलरचा धूर तेलाच्या टाकीत सोडतात. हे खरं आहे का? आमच्या चिमणीचा धूर चालेल का?

खरं आहे. मोठ्या क्रूड टँकरवर हीच पद्धत आहे. बॉयलरमध्ये तेल नीट जळलं की चिमणीकडे जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन ३ ते ५ टक्के उरतो. बाकी बहुतेक नायट्रोजन, आणि साधारण १३-१४ टक्के कार्बन डायऑक्साइड. हा वायू गरम असतो, त्यात काजळी आणि सल्फर डायऑक्साइड असतो. म्हणून तो आधी स्क्रबरमधून जातो. तिथे समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्याने तो थंड होतो आणि धुतला जातो. मग ब्लोअर तो डेकवरच्या मुख्य पाइपमध्ये ढकलतात आणि तिथून फांद्या फुटून तो प्रत्येक टाकीत जातो.

तुमच्या बॉयलरचं तत्त्व वेगळं नाही, फरक जादा हवेचा आहे. ओलसर बगॅस जाळायला तेलापेक्षा जास्त हवा द्यावी लागते, त्यामुळे धुरात ऑक्सिजन जास्त उरतो, शिवाय राख उडते. जहाजावरही हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. बॉयलरवर लोड कमी असला की जाळाच्या मानाने हवा जास्त होते आणि वायूतला ऑक्सिजन वर चढतो. तेल काढताना वाफेवर चालणारे कार्गो पंप बॉयलरवर लोड टाकतात, म्हणून गॅस चांगला मिळतो. पंप बंद झाल्यावर नुसता दाब भरून काढायचा असेल तेव्हा बॉयलरवाल्याची कसरत होते.

मुख्य इंजिनाचा धूर का वापरत नाहीत, असंही विचारतात. डिझेल इंजिन गरजेपेक्षा खूप जास्त हवा ओढतं, त्याच्या धुरात ऑक्सिजन तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास उरतो. तो या कामाचा नाही. पेट्रोल-डिझेल नेणाऱ्या टँकरवर कार्गो खराब होऊ नये म्हणून बहुधा वेगळा इनर्ट गॅस जनरेटर असतो, आणि केमिकल टँकरवर बऱ्याचदा नायट्रोजन वापरतात.

३. ऑक्सिजन ८ टक्क्यांखाली ठेवा असं पुस्तकात आहे. ८ च का?

साध्या हवेत तेलाची वाफ साधारण १ ते १० टक्के असेल तर मिश्रण पेटतं. एक टक्क्याखाली वाफ कमी पडते, दहाच्या वर हवा कमी पडते. आता त्या हवेत इनर्ट गॅस मिसळत गेलो तर १ आणि १० या दोन हद्दी जवळजवळ येऊ लागतात. ऑक्सिजन सुमारे ११ टक्क्यांवर आला की दोन्ही हद्दी एकमेकींना भिडतात. त्याखाली वाफ कितीही असो, ठिणगी पडली तरी मिश्रण पेटत नाही.

म्हणजे निसर्गाची रेषा ११ ची आणि माणसाची ८ ची. मधले तीन टक्के मीटरच्या चुकीसाठी, टाकीच्या कोपऱ्यात गॅस नीट न पोचल्यास त्यासाठी, आणि कुठून हवा गळत असेल त्यासाठी. टाकीत ८ पेक्षा जास्त नको हा नियम आहेच. शिवाय मुख्य पाइपमधून येणारा गॅस नव्या नियमांनुसार ५ टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजनचा चालत नाही, त्यावर गेला की अलार्म वाजतो. जुन्या जहाजांवर ही हद्दही ८ असायची, म्हणून जुन्या आणि नव्या नोट्समध्ये आकडे वेगळे दिसतात.

४. तेल काढताना गॅस किती लागतो, आणि दाब का ठेवायचा?

पंप ताशी ८,००० घनमीटर तेल काढत असतील तर यंत्रणेला ताशी किमान १०,००० घनमीटर गॅस देता आला पाहिजे. म्हणजे काढण्याच्या वेगाच्या १२५ टक्के. बरोबरीने दिला तर दाब शून्याच्या आसपास रेंगाळेल आणि कुठे झाकण सैल असेल तर तिथून हवा आत ओढली जाईल. आत थोडा दाब असला की गळती झाली तरी आतला वायू बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. दाब अगदी थोडा असतो, पाण्याच्या स्तंभात मोजतात. १०० मिलिमीटरखाली गेला की अलार्म. आणखी खाली, ५० च्या आसपास, दुसरा अलार्म तरी वाजतो किंवा कार्गो पंप आपोआप बंद होतात.

भरलेल्या प्रवासातही हे सुटत नाही. दुपारी डेक तापतो, रात्री थंड होतो, आतला वायू आकसतो आणि दाब उतरतो. तेव्हा थोडा गॅस भरून घ्यावा लागतो.

५. टाकीतली वाफ त्याच पाइपने उलटी बॉयलरकडे गेली तर?

गेली तर घात. बॉयलरमध्ये जाळ आहे. म्हणून डेकवर पाइपच्या वाटेत डेक सील बसवलेलं असतं: पाण्याची टाकी, ज्यात गॅसला पाण्याखालून बुडबुडे काढत पुढे जावं लागतं. ब्लोअर बंद पडले आणि उलटा दाब आला तर तेच पाणी पाइपात वर चढून वाट अडवतं. त्याला हलणारा भाग नाही, म्हणून ते अडकत नाही. त्याच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि डेक आयसोलेटिंग व्हॉल्व्ह असतात, पण माझा भरवसा कायम पाण्यावरच राहिला.

त्याचा शत्रू एकच, पाणी नसणं. पुरवठा बंद पडला, किंवा थंड बंदरात हीटिंग चालू न ठेवल्याने पाणी गोठलं, तर सील नावापुरतं उरतं. सीलच्या काचेतून पातळी स्वतः बघायची, कंट्रोल रूममधल्या दिव्यावर विसंबायचं नाही.

६. टाकी धुऊन झाली, आत उतरायचं आहे. इनर्ट गॅस आहे म्हणजे स्फोट होणार नाही, मग सरळ पंखे लावून हवा भरली तर काय बिघडलं?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि परीक्षेतही हमखास विचारतात. बिघडतं ते असं.

समजा १०,००० घनमीटरची टाकी आहे. क्रूड काढून झालं. आत मोजलं तर ऑक्सिजन ५ टक्के, तेलाची वाफ १५ टक्के. आत्ता टाकी सुरक्षित आहे, कारण ऑक्सिजनच नाही. आता पंखे लावले. मिश्रणात निम्मी हवा झाली तेव्हा ऑक्सिजन १३ आणि वाफ साडेसात. पाऊण हवा झाली तेव्हा ऑक्सिजन १७ आणि वाफ पावणेचार. नव्वद टक्के हवा झाली तेव्हा ऑक्सिजन १९ च्या पुढे आणि वाफ दीड. प्रश्न ३ मधल्या हद्दी आठवा: शेवटची दोन्ही मिश्रणं सरळ पेटणारी आहेत. म्हणजे सुरक्षित जागेतून निघून सुरक्षित जागी पोचताना मध्ये तासन् तास आपण बॉम्बमधून चालत गेलो. सुरुवात आणि शेवट दोन्ही ठीक होते, वाट चुकीची होती.

म्हणून मध्ये एक टप्पा असतो, पर्जिंग. हवा द्यायच्या आधी इनर्ट गॅसच आणखी सोडत राहायचं आणि वाफ २ टक्क्यांखाली आणायची. आता तोच हिशोब करू. ऑक्सिजन ५, वाफ २. हवा सोडली. ऑक्सिजन ११ ला पोचतो तेव्हा वाफ सव्वा टक्का उरलेली असते. १३ ला पोचतो तेव्हा एक टक्का. १७ ला अर्धा टक्का. ऑक्सिजन पेटण्याइतका होईपर्यंत वाफ पेटण्याइतकी उरतच नाही, आणि वाट पेटणाऱ्या पट्ट्याच्या खालून निघून जाते. प्रत्यक्षात दोनवर थांबायचं नाही, त्याच्या बऱ्यापैकी खाली जायचं.

वेळ किती लागतो? गॅस आत नीट ढवळला जातो असं धरलं तर १५ वरून २ वर यायला टाकीच्या आकाराच्या दुप्पट गॅस लागतो, म्हणजे २०,००० घनमीटर. ताशी १०,००० मिळत असेल आणि तो सगळा या एका टाकीत दिला तर दोन तास. हे कागदावर. टाकीत आडव्या-उभ्या पट्ट्या असतात, कोपरे असतात, तळाला गाळ असतो, तेव्हा तीन ते पाच पट धरा. ढवळून घालवायचं असेल तर गॅस जोरात आत सोडावा लागतो, कारण तो तळापर्यंत पोचला पाहिजे. म्हणून एकदम दहा टाक्या उघडून सगळ्यांना थोडा थोडा गॅस देणं हा घाईचा नाही, उशिराचा मार्ग आहे. दुसरी पद्धत उलटी आहे: गॅस सावकाश वरून सोडायचा, तो हलका असल्याने वर थर धरतो आणि जड वाफ तळाच्या पर्ज पाइपने बाहेर ढकलतो. यात कमी गॅस लागतो, पण घाई केली की थर मोडतो.

पर्जिंग संपलं हे घड्याळ सांगत नाही, मीटर सांगतं. कोणतं मीटर ते प्रश्न १० मध्ये.

७. टाकी धुताना नुसतं पाणीच तर मारतात, ठिणगी येणार कुठून?

डिसेंबर १९६९ मध्ये जगाने हाच प्रश्न विचारला. तीन आठवड्यांच्या आत मार्पेसा, मॅक्ट्रा आणि कोंग हाकोन सातवा या तीन अवाढव्य, जवळपास नव्या टँकरवर स्फोट झाले. तिन्ही रिकामे होते आणि तिन्हीवर टाक्या धुण्याचं काम चालू होतं. मार्पेसा बुडालं.

तपासानंतर मान्य झालेलं कारण असं: मोठ्या टाकीत जोरकस पाण्याचे झोत भिंतींवर आपटले की पाण्याचं धुकं तयार होतं आणि त्या धुक्यात स्थिर विद्युतभार साठतो. त्या धुक्यातून पाण्याचा मोठा लोळ खाली पडला की तो भार घेऊन पडतो आणि लोखंडाजवळ येताच ठिणगी टाकतो. कुणी सिगारेट ओढली नव्हती, कुठली वायर तुटली नव्हती. यानंतर मोठ्या टँकरवर इनर्ट गॅसचे नियम कडक होत गेले. ठिणगी थांबवायला गेलो तर टाकी धुणंच थांबवावं लागेल. ऑक्सिजन काढला तर ठिणगी पडली तरी चालते.

८. तेल काढताना मध्येच यंत्रणा बंद पडली तर काय करतात?

पहिलं, पंप बंद. मग डेक आयसोलेटिंग व्हॉल्व्ह बंद, आणि टाकीत हवा ओढली जाणार नाही हे पाहणं. टर्मिनलला कळवणं. बोलणं-चालणं त्यानंतर. तेल निघत राहिलं तर प्रत्येक मिनिटाला टाकी हवा ओढते.

पुढे काय, ते कार्गोवर अवलंबून. क्रूड टँकर असेल तर यंत्रणा दुरुस्त होऊन किंवा बाहेरून गॅसची सोय होऊन दाब परत येईपर्यंत काम सुरू होत नाही. कारण क्रूडमधला हायड्रोजन सल्फाइड टाकीच्या गंजावर बसून लोहाचा सल्फाइड बनवतो. ऑक्सिजन नसताना तो गप्प असतो, हवा मिळताच स्वतः तापून लाल होऊ शकतो. म्हणजे हवा आणि ठिणगी एकाच वाटेने आत येतात. रंगाचा लेप असलेल्या, शुद्ध माल नेणाऱ्या टाक्यांत हा धोका कमी असतो. तिथे दुरुस्ती अगदीच अशक्य असेल तर जहाज आणि टर्मिनल लेखी सहमतीने पुढे जाऊ शकतात. पण अटी असतात: व्हेंटवरच्या ज्वालारोधक जाळ्या तपासलेल्या हव्यात, टाकीत पाणी किंवा स्लॉप, म्हणजे टाक्या धुतल्याचं तेलकट पाणी, वरून पडू द्यायचं नाही, गॅस बंद झाल्यापासून अर्धा तास होईपर्यंत टाकीत मोजायचं साधन सोडायचं नाही, आणि पुढे पाच तास सोडलंच तर त्याला पक्कं अर्थिंग केलेलं हवं. कारण गॅसबरोबर आलेले कण स्वतः भारित असतात.

९. मुख्य पाइपवरचा मीटर ४ टक्के दाखवतो, पण टाकीत मोजलं तर १०. कोण खोटं बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. मुख्य पाइपवरचा मीटर फक्त येणाऱ्या गॅसचं सांगतो. टाकीत काय आहे ते टाकीतच नमुना घेऊन कळतं, आणि तोही एका खोलीवरून नाही, वर, मध्ये आणि तळाशी. आधी त्या टाकीचा फांदीवरचा व्हॉल्व्ह बघा. तो बंद राहिला असेल तर मुख्य पाइपचा दाब छान दिसतो आणि ती टाकी मात्र एकटी हवा ओढत असते. मग झाकणाचं रबर, मोजायच्या छिद्राचं बूच. तिन्ही खोल्यांवर आकडा सारखाच असेल तर गळती किंवा बंद व्हॉल्व्ह, वर-खाली वेगळा असेल तर गॅस नीट मिसळलेला नाही. हे सगळं ठीक निघालं तर पाइपवरचा मीटर स्वच्छ हवेवर आणि नायट्रोजनवर तपासा. त्याच्या नमुन्याच्या नळीत पाणी साचणं नेहमीचं आहे.

१०. एलईएल मीटरने शून्य दाखवलं म्हणजे टाकीत गॅस नाही ना?

इनर्ट टाकीत एलईएल मीटरच्या शून्याला काही अर्थ नाही. एलईएल म्हणजे वाफ पेटण्याची खालची हद्द, प्रश्न ३ मधला १ टक्का, आणि वाफ त्या हद्दीच्या किती टक्के आहे ते हा मीटर दाखवतो. त्यातली तार वाफ जाळून मोजते. जाळायला ऑक्सिजन हवा, तोच तिथे नाही. वाफ १५ टक्के असली तरी मीटर शांत बसू शकतो. म्हणून पर्जिंगच्या वेळी वाफ सरळ टक्क्यांत मोजणारा मीटर लागतो. जहाजावर त्याला टँकस्कोप म्हणतात, आता इन्फ्रारेडवालेही असतात. वाफ २ च्या खाली गेली, हवा भरली, ऑक्सिजन २१ ला आला की मग एलईएल मीटरची पाळी. आणखी एक खूण: साध्या हवेत त्याचा काटा झटकन वर जाऊन परत शून्यावर आला तर वाफ नाही असं समजू नका. वाफ इतकी जास्त असू शकते की ती जळतच नाही.

११. माझा मुलगा डेकवर आहे. टाकीत उतरायला सांगतात. स्फोट होणार नाही म्हणता, मग भीती कसली?

ताई, स्फोटाची नाही, श्वासाची. जो गॅस आग लागू देत नाही तोच माणसाला जगू देत नाही. पाच टक्के ऑक्सिजनमध्ये एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, आधी गुदमरल्यासारखंही वाटत नाही. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरलेला एक आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, अशा बातम्या येतात ना, तेच टाकीत होतं. शिवाय बॉयलरच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि क्रूडमध्ये हायड्रोजन सल्फाइड.

मुलाला इतकंच सांगा: लेखी परमिटशिवाय नाही, ऑक्सिजन पूर्ण २१, ज्वलनशील वाफ एलईएलच्या १ टक्क्याखाली, विषारी वायू मोजलेले, तोंडावर माणूस उभा, आणि आत कुणी पडलेला दिसला तर श्वसनयंत्राशिवाय मागे उडी नाही. शेजारच्या टाक्या इनर्ट असतील तर मधल्या व्हॉल्व्हमधून गॅस झिरपू शकतो, म्हणून आत असतानाही मीटर अंगावर चालू हवा.

१२. ही यंत्रणा सगळ्या टँकरवर असते का? मग आपल्या पाकणीच्या डेपोत का दिसत नाही?

जुन्या नियमात २०,००० टन वहनक्षमतेपासून पुढे सक्ती होती. १ जानेवारी २०१६ पासून बांधलेल्या टँकरसाठी ती ८,००० टनांवर आली. केमिकल टँकरना काही वेगळ्या सवलती आहेत, त्या जहाजाच्या कागदांतच बघाव्या.

जमिनीवर पेट्रोलच्या टाक्यांना बहुधा तेलावर तरंगणारं छत असतं. ते तेलाबरोबर खाली-वर होतं, त्यामुळे वाफेची पोकळीच उरत नाही. डोलणाऱ्या जहाजात असं छत चालणार नाही.

१३. इनर्ट गॅस मिळत नसेल तर आग विझवायचा कार्बन डायऑक्साइड टाकीत सोडला तर?

नाही. सिलिंडरमधून तो जोरात सुटतो तेव्हा त्यात बर्फाचे कण होतात, ते नळीला घासून भार निर्माण करतात. टाकीत वाफ आणि हवा असेल, म्हणजे गॅसची गरज आहे अशा नेमक्या वेळी, आपण आत ठिणगी पाठवतो. आग लागलेल्या टाकीत गोष्ट वेगळी, तिथे पेटायचं ते पेटलेलंच आहे. न पेटलेल्या टाकीला सावध म्हणून तो देऊ नये. तोपर्यंत टाकी बंद ठेवा, प्रश्न ८ मधल्या क्रमाने चाला.